प्रार्थनेचा तक्ता आणि अज्जांचा डावा हात

ताट पुन्हा जसंच्या तसं परत आलं. मऊ कण्या, वर ताक, बाजूला चिमूटभर मीठ. मामंजींनी त्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मी ते ओट्यावर असं आदळलं की बाहेर माझ्या नवऱ्याला, गुरुशांतला, ऐकू गेलं असणार. जावं, म्हणूनच आदळलं होतं.

माझे सासरे मल्लप्पा. शुक्रवार पेठेत आमचं घोंगड्यांचं दुकान आहे, ते त्यांनी उभं केलं. सगळी पेठ त्यांना अज्जा म्हणते, मी मामंजी म्हणते. काही आठवड्यांपूर्वी दुकानात गिऱ्हाईकासमोर घोंगडं उलगडताना त्यांचा डावा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात नाकातून नळी घातली, तीतून दूध-पेज जात राहिली. काल नळी काढून घरी सोडलं होतं. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. गिळता येत होतं. उजवा हात धड होता. म्हणजे जेवायला काहीच अडचण नव्हती, आणि कालपासून माणूस जेवत नव्हता.

कारण लिंगपूजा झाली नव्हती.

आम्ही लिंगायत. दीक्षेच्या वेळी मिळालेलं इष्टलिंग आमच्यातला प्रत्येक जण गळ्यात बाळगतो. ते ज्याचं त्याचं असतं. आंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची, बसायचं, चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी, विभूती, बेल वाहायचं आणि मग त्याच्याकडे एकटक बघत राहायचं. हे झाल्याशिवाय अन्न नाही. हल्ली सगळेच इतकं पाळतात असं नाही. मी करते, पण कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये उरकते. मामंजी त्यावरून मला लग्न झाल्यापासून टोमणे मारत आलेत. "महेश्वरीची पूजा कुकरवर शिजते," असं पाहुण्यांसमोर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मला हसू येत नसे.

आता त्यांचा डावा तळहात मिटून छातीशी आखडला होता. लिंग ठेवायचं कशावर?

गुरुशांत म्हणाला, उजव्या हातावर घ्या. मामंजी म्हणाले, "मग पूजा कुठल्या हातानं करू? पायानं?" गुरुशांतनं चांदीचा छोटा पाट आणला. "त्यो देवळातला देव हाय व्हय, पाटावर मांडायला?" मग गुरुशांत म्हणाला, तुमच्या नावानं मी करतो. त्यावर त्यांनी नुसतं भिंतीकडे तोंड केलं. मठातल्या स्वामींना फोन लावला, त्यांनी स्वतः सांगितलं, आजारात माफ असतं, जेवा. फोन ठेवल्यावर मामंजी म्हणाले, "त्यांनी माफ केलं. माझ्या घशाखाली उतरत न्हाय, त्याला त्ये काय करणार?"

"दवाखान्यात उतरत होतं की," मी दारातून म्हणाले.

"नळीतून गेलं, त्ये मी खाल्लं न्हाय."

गोळ्या तेवढ्या पाण्याबरोबर घेत होते. औषध म्हणजे अन्न नव्हे, हा त्यांचाच निवाडा. डॉक्टरांनी गुरुशांतला स्पष्ट सांगितलं होतं की उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर परत भरती करू, परत नळी. त्या नळीचं नाव काढलं की मामंजी धड हात पांघरुणाखाली लपवायचे. ती नळी काढायला गेले म्हणून पलंगाला त्यांचा हात बांधून ठेवला होता. ते मी बघितलं होतं आणि ते मला परत बघायचं नव्हतं. माणसाचा राग येतो आणि त्याच्यासाठी जीवही तुटतो, हे दोन्ही एकाच वेळी होतं आणि फार दमवतं.

अशा घरात माझी लेक सिद्धेश्वरी संध्याकाळी शाळेतून आली ती एक मोठा पुठ्ठा आणि एक मैत्रीण घेऊन.

"आई, ही जुलेखा. नंदीश सरांनी आमची जोडी लावलीय. प्रार्थनेचा तक्ता करायचाय."

"आत्ताच?"

"उद्या द्यायचाय की!"

सातवीचा तो तक्ता तिनं मला दाखवला. आडव्या ओळींत धर्म आणि पंथ, उभे रकाने तीन: शरीराची स्थिती, हेतू, वेळ. स्थितीच्या रकान्यात मजकुराशेजारी चित्रसुद्धा काढायचं होतं. खाली सरांनी प्रश्न दिले होते. स्थिती सारखी पण हेतू वेगळा, अशा दोन ओळी शोधा. कोणती वेळ सूर्यावर ठरते, कोणती चंद्रावर, कोणती घड्याळावर आणि कोणती माणसाच्या दिवसावर? आणि तिसरा: स्थिती, हेतू आणि वेळ यांतलं काय बदललं तरी प्रार्थना तीच राहते? त्याखाली सरांनी ठळक लिहिलं होतं की माहिती मोबाइलवरून घ्यायची नाही, ज्यांची प्रार्थना आहे त्यांनाच विचारायचं, आणि कोणाची प्रार्थना चांगली हा प्रश्न या तक्त्यात नाही. हा मास्तर मला बरा वाटला.

बऱ्याच ओळी भरून झाल्या होत्या. वर्गातल्या एका मुलानं चर्चची ओळ दिली होती: गुडघे टेकून किंवा मान झुकवून, हात जोडून; देवाची स्तुती, आभार, चुकांची कबुली, दुसऱ्यांसाठी मागणं; रविवारी चर्चमध्ये, रोज जेवणाआधी आणि झोपताना. बौद्ध ओळीत हात तसेच जोडलेले, पण तिथं कोणाकडे काही मागायचं नव्हतं. बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाऊन पंचशील पाळीन, असं स्वतःलाच बजावायचं. रोज, आणि पौर्णिमेला सगळ्यांनी मिळून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलींनी इथंच काढलं होतं. जैनांच्या सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर स्थिर, हेतू समभाव. शिखांची अरदास उभ्यानं, डोकं झाकून. हिंदूंची एकच ओळ करायला गेल्या तर पुरेना. कोणी बसून जप करतं, कोणी आरतीला उभं राहतं, कोणी दिवेलागणीला नुसते हात जोडतं. त्यातली एक ओळ दुकानातून आली होती. नातेपुत्याचे शहाजी लोकर घेऊन आले तेव्हा गुरुशांतनं त्यांना विचारलं, आणि त्यांनी सांगितलं, "आमच्या बिरोबाचं बसून न्हाय हुत. ढोल वाजला की भंडारा उधळायचा अन् गोल धरून नाचायचं. मेंढरं नीट राहू दे म्हणायचं." सिद्धेश्वरीनं स्थितीच्या रकान्यात 'नाचत' लिहून पुढं उद्गारचिन्ह दिलं होतं.

दोन ओळी रिकाम्या होत्या. नमाज आणि इष्टलिंग.

"आपली तुझ्या बाबांना विचार," मी म्हणाले.

"बाबा दुकानात आहेत. अज्जांना विचारते."

"अज्जांना त्रास द्यायचा नाही."

पण ती गेलीसुद्धा. ऐकायचं नाही हा गुण तिनं नेमका कोणाकडून घेतला ते मी सांगत बसत नाही. मी मागोमाग गेले, तिला दंडाला धरून बाहेर काढायच्या तयारीनं. पुठ्ठा पलंगावर पसरलेला होता, आणि मामंजी भिंतीकडून तोंड वळवून त्याकडे बघत होते. घरी आल्यापासून प्रथमच.

"अज्जा, तुम्ही इष्टलिंगाची ओळ. हेतूपासून विचारते. पूजा कशासाठी करता? काय मागता?"

मी दारातच थांबले. कालपासून आम्ही सगळ्यांनी त्यांना हेच सांगितलं होतं, की पूजा अशी करा, तशी करा, राहू द्या. कशासाठी, हे कोणी विचारलं नव्हतं. खरं तर मी इतक्या वर्षांत कधीच विचारलं नव्हतं.

मामंजींनी बराच वेळ ओठ जुळवले.

"मागायचं न्हाय. मागायचं आसलं तर सिद्धरामेश्वराच्या देवळात जातो की. हे बघायचं हाय. लिंग काळं, चकचकीत आसतंय. बघत ऱ्हायलं की त्यात आपलंच डोळं दिसत्यात. मग... त्ये कुटलं अन् मी कुटला, कळंना हुतंय. तेवढ्यासाठी."

सिद्धेश्वरीनं लिहून घेतलं. लिहिताना तिचं जिभेचं टोक बाहेर आलेलं असतं. "आणि वेळ?"

"सकाळी, सांजचं. खायाच्या आधी."

"म्हणजे ही माणसाच्या दिवसावर ठरते," ती जुलेखाला म्हणाली. "तुमची सूर्यावर."

जुलेखानं आपली ओळ तोंडपाठ असल्यासारखी सांगितली. आधी वजू, म्हणजे हात, तोंड, पाय धुवायचे. मग काब्याकडे तोंड, आपल्याकडून पश्चिमेला. उभं राहायचं, कमरेत वाकून हात गुडघ्यांवर ठेवायचे तो रुकू, कपाळ जमिनीला टेकायचं तो सजदा, मग बसायचं. फजर सूर्य उगवायच्या आधी, जुहर दुपार कलल्यावर, असर दुपार आणि सूर्यास्ताच्या मध्ये, मगरिब सूर्य बुडाल्या बुडाल्या, इशा रात्री. हेतू म्हणजे अल्लाहची आठवण ठेवणं आणि त्याच्यापुढं नमणं. "मागायचं असतं ते वेगळं, त्याला दुआ म्हणतात. ती हात असे पसरून." तिनं दोन्ही तळवे वर करून दाखवले.

मामंजी तिच्या तळव्यांकडे बघत राहिले.

"आता तिसरा प्रश्न," सिद्धेश्वरी म्हणाली. "तुमच्यात काय बदललं तर चालतं?"

"स्थिती," जुलेखा लगेच म्हणाली. "माझ्या नानीचे गुडघे गेलेत. ती खुर्चीवर पढते. रुकूला थोडी वाकते, सजद्याला जास्त वाकते. मध्ये ती लई आजारी होती, तेव्हा झोपूनच, नुसत्या मानेच्या इशाऱ्यानं."

"कपाळ टेकलं न्हाय तर त्यो सजदा कसला?" मामंजी एकदम म्हणाले. आवाज जड होता, पण दुकानातला होता. गिऱ्हाईक भावात घासाघीस करू लागलं की लावायचे तोच.

जुलेखा घाबरली नाही. "असंच आहे, अज्जा. उभं राहता येत असेल त्यानं उभंच राहायचं, त्याला सूट नाही. जमत नसेल तर बसून. तेही नाही तर झोपून. नानी म्हणते, जितना होता उतना करना, पर छोड़ना नहीं."

"तुमच्यात आसंल. आमच्यात न्हाय तसं."

आणि मी, जी दोन दिवस तोंड दाबून होते, ती फुटले. "तुमच्यात नाही तर काय करायचं आम्ही? बसून बघायचं? उद्या तुम्हाला पुन्हा नळी घालतील, हात बांधतील, आणि मी तिथं उभी राहणार आहे! मला नाही जमणार ते, मामंजी. मला तुम्ही हवे आहात घरात. टोमणे मारायला का होईना, हवे आहात."

इतकं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. पदर डोळ्यांना लावून मी स्वयंपाकघरात जायला वळले. मुलींच्या समोर रडायचं नव्हतं.

मागं सिद्धेश्वरीचा आवाज आला, अगदी साधा. तिच्या डोक्यात अजून तक्ताच होता. "अज्जा, आपल्या ओळीत चित्र राहिलंय. हात नेमका किती उंच धरता? छातीशी, की डोळ्यांसमोर?"

मी वळून बघितलं. ती पलंगावर त्यांच्या डाव्या बाजूला चढून बसली होती. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी मला शिकवलं होतं की आखडलेल्या हाताची बोटं ओढून उघडायची नाहीत, आधी मनगट अलगद खाली वाकवायचं, मग बोटं आपोआप सैल पडतात. मी ते करत असताना ही जवळ उभी असायची. आता तिनं तेच केलं. मनगट वाकवलं, अंगठा बाजूला घेतला, बोटं सैल झाली तशी आपला डावा तळहात त्यांच्या तळहाताखाली सरकवला आणि उजव्या हातानं कोपर उचललं.

"इतका? का अजून वर?"

तिनं कोपर आणखी जरा वर घेतलं.

"जुलेखा, तू काढ लवकर, मी धरते. हात जड आहे यांचा."

जुलेखा चित्र काढायला बसली. ती कसली लवकर काढतेय! आधी पलंग काढला, मग उशी काढली, मग उशीवरची फुलं. तोवर सिद्धेश्वरी तशीच बसून होती. आणि मामंजी आपल्या तळहाताकडे बघत होते. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तो उघडा होऊन त्यांच्या समोर आला होता, जिथं रोज असायचा तिथं, छातीच्या जरा वर. खाली आधार दुसऱ्याचा होता, पण वरचा तळवा त्यांचाच होता.

लिंग दुसऱ्याच्या हातावर चालत नाही. पाटावर चालत नाही. त्यांच्याच डाव्या तळहातावर हवं. तो तळहात कोणाच्या बळावर वर उचललेला हवा, याबद्दल मात्र कुठंच काही म्हटलेलं नव्हतं. आम्ही मोठे लोक हात सोडून बाकी सगळं बदलायला निघालो होतो. हाताला हात लावायचं कोणाला सुचलं नाही, कारण मामंजींना धरायचं असतं, हेच आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. आयुष्यभर धरणारे तेच होते.

त्यांच्या डोळ्यातून पाणी गालावर आलं आणि वाकड्या ओठापाशी थांबलं.

"महेश्वरी," ते म्हणाले, "आंघोळीला पाणी ठेव."

मी गुरुशांतला फोन केला. तो दुकान तसंच उघडं टाकून धावत आला. त्यानं त्यांना आंघोळ घातली, धूतवस्त्र नेसवलं, पलंगावर उशांना टेकवून बसवलं. एवढ्यात बाहेर उन्हं गेली आणि जुलेखानं रंगपेटी झटक्यात बंद केली. "मगरिबला वेळ थोडा असतो, मी पळते. नानी वाट बघेल." दारात ती वळली. "अज्जा, चित्रात तुमच्या मिशा राहिल्यात. उद्या काढते."

अजान ऐकू येत होती तेव्हा मामंजींनी उजव्या हातानं कपाळाला विभूती ओढली. तीन बोटं थोडी तिरकी गेली. सिद्धेश्वरी हातपाय धुऊन, विभूती लावून पुन्हा त्यांच्या डाव्या बाजूला बसली. मनगट, अंगठा, बोटं, आणि तळव्याखाली तळवा. मामंजींनी स्वतःच्या उजव्या हातानं डबी उघडली आणि लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. मी पाण्याची वाटी धरली होती. पाणी वाहिलं, ते त्यांच्या बोटांतून हिच्या बोटांत आणि तिथून चादरीवर गेलं. विभूती वाहिली. बेलाचं पान वाहिलं. मग ते बघत राहिले.

किती वेळ ते मी मोजलं नाही. सिद्धेश्वरीचा दंड थरथरायला लागला तसा मी वाटी खाली ठेवली आणि माझा हात तिच्या हाताखाली घातला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तीसुद्धा लिंगाकडेच बघत होती.

त्या रात्री मामंजी वाटीभर कण्या जेवले. ताक अजून मागितलं. वर म्हणाले, मीठ कमी हाय. गुरुशांत स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे बघत नुसता उभा राहिला, आणि मी त्याला म्हटलं, रडायचं असेल तर दुकान बंद करून ये आधी.

झोपण्यापूर्वी सिद्धेश्वरीनं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. नमाजच्या ओळीपुढं लिहिलं: स्थिती बदलते, हेतू नाही. इष्टलिंगाच्या ओळीपुढं पेन्सिल टेकवून ती अडली. "आपल्यात काय बदललं, अज्जा? स्थिती तर तीच राहिली."

मामंजींनी डोळे मिटूनच उत्तर दिलं. "मी एकटा करत हुतो. लिही, दोघं चालत्यात."

"त्याला रकाना नाही."

"मग पाड की एक."

तिनं पट्टी घेऊन चौथा रकाना पाडला आणि वर लिहिलं, 'कोणासोबत'. मग बाकीच्या ओळींत काय लिहायचं यावरून तिला झोप येईना. नमाज जमातीत, म्हणजे सगळ्यांनी मिळूनही होते आणि एकट्यानंही. चर्चमध्ये सगळे, झोपताना एकटं. बिरोबाचं एकट्यानं होतच नाही. सकाळी जुलेखाला विचारायला हवं, असं म्हणत म्हणत ती झोपली.

सकाळी नेहमीची धांदल. गुरुशांतनं वडिलांना आंघोळ घातली आणि तो लोकरीची गाडी उतरवून घ्यायला गेला. दारात शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत होती. सिद्धेश्वरी एका हातात पुठ्ठा आणि एका हातात डबा घेऊन मधोमध उभी. "आई, अज्जांची पूजा! आता कोण धरणार?"

"तू जा," आतून आवाज आला. "हाय की घरात माणूस."

ती गेली. मी कणीक मळलेल्या हातांनी दाराशी आले. मामंजी उशांना टेकून बसले होते, कपाळाला विभूती, मांडीवर डबी. सून म्हणून मी त्यांच्या पायांना सणावाराला हात लावला होता. हाताला कधीच नाही. दवाखान्यात बोटं उघडायची तीसुद्धा त्यांचे डोळे मिटलेले असताना.

कुकर गॅसवर होता. पहिली शिट्टी होऊन गेली होती.

"येते," मी म्हणाले, "हात धुऊन."

"तुझं लिंग बी काढ बाहेर. माझं झालं की हितंच बसून तुझं कर." ते थांबले. वाकड्या तोंडातला तो टोमणा येणार हे मला आधीच कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याची वाट बघितली. "अन् त्यो कुकर बंद कर आधी."

मी गॅस बंद केला. हात धुतले, कपाळाला विभूती लावली आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.